क्रिस्टल म्हणाला ४१, एक्स-रे म्हणाले ४६

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे पातळ थर चढवतात. व्हॅक्यूम चेंबरमध्ये इलेक्ट्रॉन बीमने माल तापवायचा, त्याची वाफ वरच्या काचांवर जमू द्यायची, आणि काचांच्या शेजारी बसवलेला क्वार्ट्झ क्रिस्टल थर किती झाला ते सांगत राहतो. गेल्या पावसाळ्यात एका फिल्टरचा रंग दर बॅचला थोडा सरकलेला येऊ लागला. क्रिस्टल मात्र दर वेळी अगदी मापात, ४१ नॅनोमीटर. डिझाइनलाही तेवढेच हवे होते. क्रिस्टल चुकतोय की दुसरंच काही, हे बघायची जबाबदारी माझ्यावर आली.

नेरूळच्या एका कॉलेजात एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटी करता येणारं मशीन आहे. काचांबरोबर चेंबरमध्ये ठेवलेला सिलिकॉनचा एक तुकडा डबीत घालून मी ठाण्याहून पनवेल लोकल पकडली. तुकडा जेमतेम ८ मिलिमीटरचा होता. तो इतका छोटा असणं पुढे किती महागात पडेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

या पद्धतीत एक्स-रे नमुन्यावर जवळजवळ आडवे सोडतात, अगदी अर्धा-एक अंशाने. ठरावीक कोनापर्यंत किरण आत शिरतच नाहीत, सगळे परत फिरतात. तो क्रिटिकल कोन. त्याच्यापुढे काही किरण थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततात, काही आत शिरून थर आणि सिलिकॉन यांच्या सीमेवरून. ते दोन्ही एकत्र आले की कधी एकमेकांना बळ देतात, कधी मारतात. त्यामुळे कोन वाढवत गेलं की तीव्रतेचा आलेख उतरता उतरता लाटा घेत जातो. या लाटांना कीसिग फ्रिंज म्हणतात. कीसिग यांनी त्या १९३१ मध्ये दाखवल्या. थर जाड तितक्या लाटा दाट.

मशीन चालवणाऱ्या ताईंनी आधी नमुना बीममध्ये वर सरकवून बरोबर अर्धा बीम अडेल असा लावला, मग कोनाचा शून्य नीट केला. यात त्यांनी पंधरा-वीस मिनिटं घालवली. "शून्यात ०.०२ अंशाची चूक राहिली तर घनता पंधरा टक्क्यांनी खोटी येते," त्या म्हणाल्या. जाडीला तेवढा धक्का लागत नाही, कारण जाडी लाटांमधल्या अंतरातून येते.

स्कॅन संपला. लाटा स्वच्छ दिसत होत्या. मी लगेच वही उघडून सोपा हिशोब मांडला: दोन दऱ्यांमधलं अंतर रेडियनमध्ये घ्यायचं आणि तरंगलांबीला त्याच्या दुपटीने भागायचं. तांब्याच्या नळीचे एक्स-रे, म्हणजे तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. सुरुवातीच्या एका जोडीने, ०.३९९ आणि ०.४७३ अंशांवरच्या दऱ्यांनी, ६० नॅनोमीटर दिले. पुढच्या, ०.५५४ आणि ०.६३८ वरच्या, जोडीने ५२.५. अगदी शेवटच्या, ०.९९८ आणि १.०९१ वरच्या, जोडीने ४७.५. एकाच थराच्या तीन जाड्या! मी चक्रावले.

ताईंनी समजावलं ते असं. किरण थरात शिरताना किंचित वळतो, आणि कोन जितका क्रिटिकल कोनाजवळ तितका हा वळण्याचा परिणाम मोठा. म्हणून सुरुवातीच्या लाटा एकमेकींना खेटून येतात आणि पुढे पुढे सुट्या होतात. सोपं सूत्र फक्त दूरच्या कोनांवर जवळपास बरोबर ठरतं. वळण धरून सूत्र असं लिहायचं:

```
θm² = θc² + m² (λ/2d)²
```

`θm` म्हणजे m क्रमांकाच्या दरीचा कोन, `θc` क्रिटिकल कोन, `d` जाडी. दरीच्या कोनाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि m चा वर्ग आडव्या अक्षावर घेतला की सरळ रेष यायला हवी. तिच्या चढावरून जाडी निघते आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून क्रिटिकल कोन. आमचा थर खालच्या सिलिकॉनपेक्षा दाट आहे, म्हणून दऱ्यांना १, २, ३ असे पूर्ण क्रमांक मिळतात. थर सिलिकॉनपेक्षा विरळ असता तर पूर्ण क्रमांक शिखरांना मिळाले असते.

मला दिसलेली पहिली दरी ०.३३६ अंशांवर होती. तिला १ म्हटलं, पुढच्या क्रमाने मोजल्या, रेष बसवली. जाडी आली ४२.५. क्रिस्टलच्या ४१ च्या इतकी जवळ, की माझं काम झालं असंच मला वाटलं. वही मिटणार, एवढ्यात ताईंनी विचारलं, "क्रिटिकल कोन किती आला ग?"

मी तो बघितलाच नव्हता. आला होता ०.३५ अंश. क्रिटिकल कोनाचा वर्ग घनतेच्या प्रमाणात असतो, त्यामुळे हिशोब लगेच होतो: या कोनाला घनता सहाच्या वर जायला हवी. टायटॅनियम डायऑक्साइडचं सगळ्यात दाट नेहमीचं रूप रुटाइल, आणि त्याची घनता ४.२ च्या थोडी वर असते. बाष्पीभवनाने चढवलेला थर त्याहून दाट असणं शक्यच नाही. ताईंनी पेन्सिलने बिंदू दाखवले. रेष म्हणून जे मी बसवलं होतं ते खरं तर हलकं वाकलेलं होतं. मधले बिंदू रेषेच्या वर, दोन्ही टोकांचे खाली. माझी पहिली दरी मुळात दुसरी होती.

मग पहिली गेली कुठे? इथे तो ८ मिलिमीटरचा तुकडा आडवा आला. बीम ०.१ मिलिमीटर जाड होता. ०.३ अंशावर तो नमुन्यावर पसरून १९ मिलिमीटर लांब होतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त किरण तुकड्याच्या पुढून-मागून निसटून जातात. या तुकड्यावर पूर्ण बीम मावायला कोन ०.७ अंशांच्या वर जावा लागतो. त्यामुळे सपाट पठार आणि मग तीव्र उतार दिसायच्या जागी नुसता एक गोलसर उंचवटा दिसत होता, आणि पहिली दरी त्याच्या खांद्यात विरघळून गेली होती.

सगळे क्रमांक एकाने वाढवून रेष पुन्हा काढली. या वेळी दहाही बिंदू पट्टी लावल्यासारखे एका ओळीत आले. जाडी ४६ नॅनोमीटर, क्रिटिकल कोन ०.२७६ अंश, आणि त्यावरून घनता ३.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तरी कागदावर क्रमांक बदलून समाधान करून घेणं मला पटेना. त्याच बॅचमधली २५ मिलिमीटर लांबीची पट्टी कपाटात होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले आणि लांब बाजू बीमच्या दिशेने लावली. आता बीम ०.२३ अंशापासूनच पूर्ण मावत होता, म्हणजे क्रिटिकल कोनाच्या अलीकडे. आलेखात पठाराची कड दिसली, आणि तिच्या लगेच पुढे, ०.२९ अंशावर, एक बारीकशी खाच. हरवलेली पहिली दरी हीच. ती बघून झालेला आनंद मला अजून आठवतो.

घनता हातात आली आणि क्रिस्टलचं कोडंही सुटलं. क्रिस्टल जाडी मोजत नाही, स्वतःवर जमलेलं वजन मोजतो आणि त्याला दिलेल्या घनतेने भागतो. आमच्या कंट्रोलरमध्ये ४.२६ भरलेली होती. ४१ गुणिले ४.२६ म्हणजे १७४.७, ४६ गुणिले ३.८ म्हणजे १७४.८. वजन तेच, थर भुसभुशीत म्हणून जाड. क्रिस्टल प्रामाणिक होता, त्याला दिलेला आकडा चुकीचा होता.

खडबडीतपणा रेषेवरून निघत नाही. त्यासाठी सगळा आलेख संगणकावर तयार करून मोजलेल्या आलेखावर बसवावा लागतो. ताईंनी मला आधी नुसते आकडे बदलून बघायला लावलं, आणि मी त्यातच सगळ्यात जास्त शिकले. वरचा पृष्ठभाग खडबडीत केला की आलेखाची शेपटी झपाट्याने खाली जाते. खालची सीमा खडबडीत केली आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला, तर शेपटी जागेवर राहते पण लाटा पुढे सपाट होत जातात, कारण बळ द्यायला किंवा मारायला खालून येणारा किरणच उरत नाही.

आमचा आलेख या दोन्हींसारखा नव्हता. लाटा आधी उथळ, मग खोल होत होत १ अंशाच्या आसपास सगळ्यात खोल, आणि पुढे पुन्हा उथळ. सुरुवातीला वरून परतणारा किरण खालच्यापेक्षा खूप तगडा असतो, कारण थर आणि सिलिकॉन यांच्या घनतेत फार फरक नाही. वरचा पृष्ठभाग जास्त खडबडीत असेल तर कोन वाढेल तसा तो किरण लवकर मंदावतो. दोघे तुल्यबळ होतात तिथे ते एकमेकांना पुरते मारतात, म्हणून दरी सगळ्यात खोल. त्यापुढे खालचा किरण वरचढ होतो आणि लाटा परत विरतात. फिटमध्ये वरचा खडबडीतपणा १.१ नॅनोमीटर आला आणि खालचा ०.४.

मी ते दोन आकडे रिपोर्टमध्ये लिहिणार होते, तर ताईंनी थांबवलं. वर १ नॅनोमीटरच्या आसपास एक विरळ थर आहे असं मॉडेलमध्ये धरून त्यांनी पुन्हा फिट केला, आणि तोही जवळपास तितकाच चांगला बसला. पृष्ठभाग खरोखर उंचसखल आहे की घनता हळूहळू कमी होत गेली आहे, हे आरशासारख्या सरळ परावर्तनात वेगळं दिसत नाही. दोन्हींचा परिणाम एकच. एकूण जाडी दोन्ही फिटमध्ये ४६ च्या आसपासच राहिली. म्हणून जाडीपुढे मी निःशंक आकडा लिहिला आणि खडबडीतपणापुढे कोणतं मॉडेल धरलं ते लिहिलं.

युनिटमध्ये परत आल्यावर कंट्रोलरमध्ये ४.२६ च्या जागी ३.८० भरलं, आणि चेंबरमध्ये आता दर वेळी २५ मिलिमीटरची पट्टीच ठेवतो. पुढच्या बॅचची पट्टी घेऊन मी तिसऱ्यांदा नेरूळला गेले. दहावी दरी, जी आधी ०.९९८ अंशावर होती, ती या वेळी १.१०६ वर आली. तिथेच वहीत हिशोब केला: ४१.२ नॅनोमीटर.