ट्रॅकमधली लाल माती

२६ मे, म्हापसा

दोन दिवस मळभ येतंय नि जातंय. पाऊस धरायच्या आत पश्चिमेच्या खिडकीचे ट्रॅक साफ व्हायला हवेत. सहा फूट रुंद, चार फूट उंच, तीन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियमची खिडकी: काचेची दोन शटरं, जाळीचं एक. समोर रस्ता आणि त्याच्या कडेला जांभ्याची उघडी माती. दिवाळीपासून ती माती वाऱ्याबरोबर खोबणीत येऊन पडते आणि रात्री दिव्यावर येणारे किडे तिच्यातच मरतात. आज बाहेरच्या खोबणीत थर इतका चढला होता की शटर ज्यावर धावतं त्या रुळाचं फक्त डोकं वर दिसत होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी पाणी ओतणं. जांभ्याची माती पिठासारखी बारीक असते. भिजली की तिचा चिखल वाहत जाऊन पाणी बाहेर पडायच्या भोकात बसतो, आणि वाळला की विटेसारखा होतो. त्यात किड्यांचे पाय नि पंख असले तर विचारूच नका, मातीच्या भिंतीत भुसा कालवतात तसलाच तो प्रकार. म्हणून निम्म्याहून जास्त काम कोरडं करायचं, तेही दुपारी. सकाळी दमट हवेत माती चिकटून असते.

आधी शटरं काढली. सगळ्यात आतलं पहिलं. दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचं, वरच्या खोबणीत तेवढी जागा ठेवलेली असते. खालची बेअरिंगं रुळावरून सुटली की खालची कड आपल्याकडे ओढून घ्यायची. उचललं जात नसेल तर जोर करू नये, वरच्या खोबणीत अडणीचा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, तो आधी सोडवायचा. तीन बाय चार फुटांच्या शटरात ५ मिमी काच असेल तर नुसत्या काचेचंच वजन १४ किलोच्या आसपास भरतं. तेव्हा माणसं दोन हवीत. बाल्कनीचं सात फुटी दार मात्र उतरवू नये, ते एका बाजूला सारून निम्मा निम्मा ट्रॅक करावा. शटरांवर खडूने आकडे घातले आणि ती गोणपाटावर भिंतीला टेकवून ठेवली. आकडे नसले की परत बसवताना कुठलं कुठल्या रुळावर, यातच अर्धा तास जातो.

मग नाकाला फडकं बांधून, कारण पालीची लेंडीही यात भरपूर असते, एक इंची रंगाचा ब्रश घेतला. केस कापून बोटाच्या एका पेराइतके ठेवले की तो ताठ होतो आणि कोपऱ्यातला थर सुटतो. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची चपटी नळी, दोन्ही बरोबर चालवायचं. नुसता ब्रश मारला तर माती खोलीत उडते, नुसती नळी फिरवली तर दडपलेला थर हलत नाही. जिथे अगदी दगड झालाय तिथे बांबूची चपटी काडी. स्क्रूड्रायव्हर नको, त्याने अ‍ॅल्युमिनियमवरचा लेप ओरखडतो आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पांढरी भुकटी नेमकी त्याच ओरखड्यातून सुरू होते.

खरी मेख भोकांत आहे. तीन ट्रॅकच्या खिडकीत आतल्या खोबणीतलं पाणी एकदम बाहेर पडत नाही. ते मधल्या उभ्या पट्टीतल्या भोकातून शेजारच्या खोबणीत येतं, तिथून पुढच्या, आणि शेवटी बाहेरच्या भिंतीतल्या भोकातून खाली. भोकं बहुधा समोरासमोर नसतात, वाऱ्याने पाणी उलटं आत फेकलं जाऊ नये म्हणून ती मागे-पुढे पाडतात. यातलं एक जरी बंद झालं तरी बाकीची उघडी असून उपयोग नाही. पाऊस तिरका लागला की आतली खोबण भरते आणि पाणी खोलीच्या भिंतीवरून उतरतं. लोक मग काचेला सिलिकॉन मारत बसतात!

भोकाला खराट्याचा हीर उत्तम. माडाचा हीर वाकतो पण मोडत नाही, आणि ओरखडाही काढत नाही. आतून सुरुवात करून एकेक भोक बाहेरच्या दिशेने मोकळं करायचं. या खिडकीची बाहेरची दोन भोकं होती: एक मातीने बंद, दुसरं रंगाऱ्याने पुट्टी भरून लिंपलेलं. पहिलं हिराने सुटलं. दुसरं बाहेरून ओल्या फडक्याने पुट्टी भिजवून, काडीने टोकरून काढावं लागलं. काही खिडक्यांना भोकं मुळात पाडलेलीच नसतात. ती आपण ड्रिलने पाडायला जाऊ नये. चुकून ट्रॅकच्या तळाला भोक पडलं तर पाणी थेट भिंतीत जिरतं. ते काम फॅब्रिकेटरचं.

हे झाल्यावर पाणी. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा अर्धा चमचा, टूथब्रश, आणि लगेच स्पंजने टिपून घेणं. संडास साफ करायचं ॲसिड आणि धुण्याचा सोडा, दोन्ही लेप खातात. पांढरे खरबरीत ठिपके दिसले तर तो मळ नाही, मिठाने धातू खाल्लाय. तारेच्या घासणीने ते वाढतातच.

२७ मे

परीक्षा घेतली. सगळ्यात आतल्या खोबणीत पेलाभर पाणी ओतलं. मिनिटाच्या आत बाहेरच्या भोकांतून धार लागली. खोबणीत उरला तो पातळ ओलावा. डबकं उरलं असतं तर एकतर भोक पुन्हा बंद किंवा खिडकीच आत कललेली, आणि कललेल्या खिडकीला साफसफाईचं औषध नाही.

शटर बसवण्याआधी बेअरिंगं पाहिली. शटर सरकताना करकर आवाज आला तर रुळावर खडा आहे. ठराविक अंतरावर टक-टक झालं तर चाक एका जागी घासून चपटं झालंय, ते बदलायचंच. आवाज नाही पण शटर जड, आणि रुळावर चकचकीत ताजी रेघ, तर चाक फिरतच नाहीये, घसटत जातंय. इथे एका चाकात केस आणि कोळिष्टक गुंडाळलेलं निघालं. चिमट्याने ओढून काढलं, चाक बोटाने फिरलं. तेल घालू नये, महिनाभरात त्याच्यावर लाल मलम तयार होतं. सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून रुळावरून एकदा पुसला, पुरे.

शटराच्या कडेची केसाळ पट्टी ओली न करता नळीने ओढून घेतली. ती चपटी पडली असेल तर मुंगीसुद्धा सहज आत येते.

९ जून

काल संध्याकाळी पहिल्या मोठ्या सरीनंतर वाळवीची पाखरं निघाली. प्रत्येकाला चार पंख, आणि दिव्याजवळ आली की ते तिथेच झाडून टाकतात. सकाळी खोबणीत पंखांचा थर होता, अभ्रकासारखा. ओले पंख अ‍ॅल्युमिनियमला कागदासारखे चिकटतात, खरवडून निघत नाहीत. म्हणून आधी पंखा लावून तासभर वाळू दिले, मग ब्रश आणि नळी. आणि भोकांतून हीर, कारण पंख आडवे होऊन नेमके तिथेच बसतात. पाच मिनिटांचं काम. पुढची सर आली तेव्हा बाहेरच्या दोन्ही भोकांतून पाणी पडत होतं, पुट्टीवालं थोडं सावकाश. आज संध्याकाळी खिडकीजवळचा दिवा तासभर बंद.