३१ मे, आणि अण्णांसाठी तीन मिनिटं

३१ मे हा सरकारी कचेऱ्यांत निरोपाचा मोठा दिवस. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही जन्मतारीख लिहायचे, आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. यंदा पुण्यातल्या आमच्या तहसील कार्यालयातले चौघे एकदम निघाले. त्यामुळे प्रत्येकासाठी एकानेच बोलायचं, तेही तीन मिनिटांत, असं ठरलं. अभिलेख कक्षातल्या अण्णांसाठी मी उभा राहणार होतो.

तीन मिनिटांत फार तर साडेतीनशे शब्द बसतात. नेमणूक, बढती हे सगळं साहेब सेवापुस्तकातून वाचणारच होते, म्हणून ते सोडलं. ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’ हेही खोडलं. ते चौघांनाही लागू पडलं असतं. एकच प्रसंग घेतला आणि आदल्या संध्याकाळी अण्णांकडून त्याचा तपशील पक्का करून घेतला. पक्षकाराचं नाव, गाव सांगायचं नाही, एवढीच त्यांची अट होती.

मी सरळ प्रसंगावरच आलो. “एक आजी वडिलांच्या जमिनीवरची वारस नोंद शोधत होत्या. जुन्या सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर होता, पण शाई उडालेली. सगळ्यांनी तो १४१ वाचला. ती नोंद काढली तर भलत्याच खरेदीची निघाली. आजींना ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर जाणार होतं. अण्णांनी ते थांबवलं. त्यांनी आजींना एवढंच विचारलं, ‘वडील कधी गेले?’ फेरफार वहीत नोंदी क्रमाने पडतात. १४१ची तारीख वडिलांच्या मृत्यूच्या आधीची होती, म्हणजे वारस नोंद ती असूच शकत नव्हती. अण्णांनी पुढची पानं उलटली. मृत्यूनंतर काही महिन्यांनी १४९ नंबरला वडिलांचं नाव होतं आणि खाली वारसांत आजींचंही. नऊचा वरचा वळसा पुसून त्याचा एक झाला होता.”

सभागृह शांत होतं. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. हा प्रसंग त्यांनी कधी ऐकलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, “वहिनी, अण्णा उशिरा घरी यायचे ते अशा कामांमुळे.” अण्णांना म्हणालो, “नकलेवर तुमची सही असली की आम्ही पुन्हा तपासत नव्हतो. आता तपासावं लागेल.” आणि बसलो.

शाल-श्रीफळ झाल्यावर अण्णा उत्तराला उठले. आभार दोन वाक्यांत उरकले आणि मागे उभ्या असलेल्या नव्या कारकुनाला म्हणाले, “नंबर नाही जुळला तर आधी तारीख बघायची. आणि समोरच्या माणसाला बसायला सांगून मग विचारायचं.”