प्रत्येक कार्डावर २४ जीबी: तुम्ही विचारलंत म्हणून

«मॅडम, जीपीयू वर्कस्टेशनसाठी निधी मागायचाय. कॉन्फिगरेशन तयार आहे, पण पत्रात ते पटवून कसं द्यायचं?»

कॉन्फिगरेशन आधी तयार करून नंतर त्याला कारणं शोधली, की वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. खरेदी समितीत हिशेब पाहणारी माणसं असतात. त्यांना ग्राफिक्स कार्डाची मॉडेलं माहीत नसतात, पण ‘एवढंच का, निम्म्यात का भागत नाही’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो. म्हणून मी पत्र उलट्या टोकाकडून लिहिते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प कोणते, त्यांना कार्डावरची मेमरी किती लागते, एकूण तास किती लागतात, हे आधी मांडते. यंत्राचं वर्णन त्यातून आपोआप निघतं.

सुरुवात मेमरीपासून करायची, कारण बाकी बहुतेक गोष्टींत तडजोड चालते. कार्ड हळू असेल तर सहा तासांचं काम दहा तासांत होईल. मेमरी अपुरी पडली तर काम सुरूच होत नाही; प्रोग्राम पहिल्याच मिनिटाला ‘out of memory’ म्हणून थांबतो. हा फरक पत्रात अगदी साध्या शब्दांत लिहा.

एक उदाहरण घेऊ. शेवटच्या वर्षाचे १६ गट आहेत असं धरा. काहींना ७ अब्ज पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल आपल्या विषयासाठी घडवायचंय, म्हणजे फाइनट्यून करायचंय. १६ बिटांत ठेवलं तर प्रत्येक पॅरामीटरला २ बाइट लागतात, म्हणजे नुसतं मॉडेल कार्डावर चढवायला १४ जीबी हवेत. सगळे पॅरामीटर बदलत पूर्ण प्रशिक्षण द्यायचं ठरवलं, तर ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझरच्या नोंदी धरून पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट होतात. म्हणजे ११२ जीबी. हे आपल्या प्रयोगशाळेत होणार नाही, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहावं. काय करणार नाही हे सांगितलं, की जे मागताय त्यावर विश्वास बसतो.

विद्यार्थी प्रत्यक्षात वापरतात ती लोरा पद्धत. मूळ मॉडेल गोठवून ठेवायचं आणि त्याला जोडलेले थोडेसे नवे पॅरामीटर तेवढे शिकवायचे. हे नवे पॅरामीटर ४ कोटी धरले, तरी त्यांचा सगळा संसार एका जीबीच्या आत मावतो. पण गोठवलेलं मॉडेल १४ जीबी अडवून बसलेलंच असतं. १६ जीबीच्या कार्डावर उरलेल्या जागेत प्रशिक्षणादरम्यानची मधली गणितं मावत नाहीत. २४ जीबीच्या कार्डावर ९-१० जीबी मोकळे राहतात आणि काम होतं. समितीत कुणी जाणकार असेल, तर तो मॉडेल ४ बिटांत दाबायला सांगेल. तेही खरं आहे. तसं केलं तर मॉडेल ४ जीबीच्या आसपास येतं आणि लहान कार्डावरही काम चालतं. पण मग दाबल्यामुळे अचूकता किती घसरली, हे तपासायला तुलनेसाठी न दाबलेलं मॉडेलही चालवून पाहावं लागतं. प्रकल्पात ही तुलना व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी १६ जीबीवर थांबत नाही.

प्रतिमांवर काम करणाऱ्या गटांचं गणित वेगळं असतं. तिथे मॉडेल छोटं आणि भूक मोठी. यू-नेटसारख्या मॉडेलचे पॅरामीटर काही कोटीच असतात, पण प्रत्येक थराचं उत्तर प्रशिक्षणात साठवून ठेवावं लागतं. ५१२ × ५१२ ची एक प्रतिमा घ्या. पहिल्या थरात तिचे ६४ चॅनल होतात, प्रत्येक आकड्याला ४ बाइट. एका प्रतिमेच्या एकाच थराचे सुमारे ६७ एमबी झाले. एका वेळी ८ प्रतिमा दिल्या तर ५०० एमबीच्या वर, आणि असे थर बरेच असतात. प्रतिमेची बाजू दुप्पट केली की सगळंच चौपट. लहान कार्डावर विद्यार्थी प्रतिमा आक्रसून काम भागवतात, आणि शोधायचा असलेला बारीक तडा किंवा ठिपका त्या आक्रसण्यातच नाहीसा होतो. हे वाक्य मी पत्रात जसंच्या तसं घालते. समितीतल्या कुणालाही ते कळतं.

इथे एक आक्षेप येतोच: ८ जीबीची तीन कार्डं घेतली तर २४ होत नाहीत का? होत नाहीत. कार्डांची मेमरी आपोआप एकत्र होत नाही. मॉडेलचे तुकडे करून वेगवेगळ्या कार्डांवर वाटता येतात, पण ते वेगळं काम आहे. विद्यार्थ्यांच्या साध्या प्रोग्रामला ते जमत नाही. प्रामाणिकपणे हेही लिहावं, की आपण २४ जीबीची दोन कार्डं मागतोय, त्यांचेही ४८ जीबी होणार नाहीत.

मग दोन का? त्याचं उत्तर तासांत आहे. आधीच्या एखाद्या प्रकल्पाचा एक इपॉक, म्हणजे सगळ्या डेटावरून प्रशिक्षणाची एक फेरी, हाताशी असलेल्या यंत्रावर मोजा, इपॉकच्या संख्येने गुणा, आणि आकडा कुठून आला ते पत्रात लिहा. आपल्या उदाहरणात एका पूर्ण प्रशिक्षणाला ६ तास लागतात आणि प्रत्येक गट ते १० वेळा करतो, असं धरू. १६ गटांचे ९६० तास झाले. यंत्र रात्रीही चालू ठेवलं आणि दुरुस्ती, अडथळे वजा केले, तर एका कार्डाचे आठवड्याला १०० तास मिळतात. १० आठवड्यांत १००० तास, म्हणजे कागदावर एक कार्ड पुरतं. पण मुलं आधी डेटा गोळा करतात, तो नीट करतात, आणि प्रशिक्षण शेवटाकडे सरकतं. निम्मं काम शेवटच्या तीन आठवड्यांत आलं, तर ४८० तास हवेत आणि एका कार्डाकडे ३०० आहेत. दोन कार्डांवर ६०० मिळतात. वर्षभराची सरासरी देऊन कधीच मागणी करू नका. गर्दीच्या आठवड्यांचा हिशेब द्या.

एकच ४८ जीबीचं कार्ड घ्यावं का, हा खरा चर्चेचा मुद्दा आहे. संशोधन करणारे दोघं-तिघं असतील, तर मी तेच घेईन. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मला दोन वेगळी कार्डं बरी वाटतात. एका गटाचा प्रोग्राम अडकला, तरी दुसऱ्याचं काम चालू राहतं.

बाकीच्या घटकांवर फार शाई खर्च करू नका. मुख्य मेमरी दोन्ही कार्डांच्या मेमरीच्या दुप्पट, म्हणजे ९६ जीबी; बाजारात सहज मिळणारा पुढचा टप्पा १२८. डेटासाठी २ टीबीची एनव्हीएमई डिस्क, कारण हजारो छोट्या फाइली साध्या हार्डडिस्कवरून वाचताना कार्ड उपाशी बसतं. त्याची खूण कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या `nvidia-smi` या कमांडमध्ये दिसते: कार्डाचा वापर क्षणात ९० टक्के, क्षणात शून्य. असं दिसलं तर दोष कार्डाचा नसतो. डिस्क किंवा प्रोसेसर डेटा पुरवायला कमी पडतोय.

विजेवर मात्र थांबा. बहुतेक पत्रांत हीच गोष्ट राहून जाते, आणि यंत्र येऊन खोक्यात पडून राहतं. ताकदीच्या डेस्कटॉप कार्डाला एकट्याला ४५० वॅटपर्यंत वीज लागते. दोन कार्डं, प्रोसेसर आणि इतर मिळून पूर्ण भाराला १२०० ते १३०० वॅट होतात. कार्डं क्षणभर याहूनही जास्त ओढतात, म्हणून १६०० वॅटचा पॉवर सप्लाय. यूपीएस केव्हीएमध्ये विकतात, ०.८ पॉवर फॅक्टरने २ केव्हीएचे १६०० वॅटच होतात, त्यामुळे मी ३ केव्हीए लिहिते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता काढतो. आधीच माणसं आणि संगणक असलेल्या खोलीत त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग हे एकटं यंत्र खाईल. म्हणून यूपीएस, स्वतंत्र वायरिंग आणि एसीची सोय त्याच पत्रात, त्याच रकमेत मागा.

वर्णनाची भाषा जपून लिहा. कंपनीचं नाव टाकलं की स्पर्धा अडते आणि आक्षेप येतो. नाव न टाकता ढिलं लिहिलं, तर भलतंच यंत्र येतं. ‘एकूण ४८ जीबी ग्राफिक्स मेमरी’ असं लिहिलंत, तर कुणी १२ जीबीची चार कार्डं देईल आणि ते नियमात बसेल. नुसत्या मॉडेलच्या नावावरही भिस्त नको. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळतं. आरटीएक्स ४०९० डेस्कटॉपमध्ये २४ जीबीचं आहे आणि लॅपटॉपमध्ये १६ चं. माझ्या पत्रातला परिच्छेद साधारण असा असतो:

«दोन ग्राफिक्स कार्डे, प्रत्येक कार्डावर किमान २४ जीबी मेमरी. पायटॉर्चची चालू स्थिर आवृत्ती दोन्ही कार्डांवर कोणताही बदल न करता चालली पाहिजे. दोन्ही कार्डे एकाच वेळी पूर्ण भाराने सलग २४ तास चालवून दाखवावीत. त्या काळात यंत्र बंद पडू नये व उष्णतेमुळे कार्डांचा वेग घटू नये. ही चाचणी पूर्ण झाल्यावरच यंत्र स्वीकारले जाईल.»

चाचणीच्या वेळी बाजूच्या खिडकीत हे चालू ठेवते:

```
nvidia-smi --query-gpu=name,memory.total,temperature.gpu,power.draw,clocks.sm --format=csv -l 5
```

तापमान वर चढून टेकलं आणि त्याच वेळी क्लॉकचा आकडा उतरत गेला, तर कार्ड गुदमरतंय. शेजारी-शेजारी बसवलेल्या उघड्या पंख्यांच्या कार्डांत वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, तेव्हा हे हमखास होतं. दोन कार्डांत मोकळी जागा किंवा हवा मागून बाहेर टाकणारी ब्लोअर रचना, यातलं एक वर्णनातच मागून ठेवा.

‘क्लाउडवर भाड्याने घ्या’ हा सल्लाही मिळेल. २४ जीबीत न मावणारं, वर्षातून एखाद वेळा लागणारं काम असेल, तर मी स्वतःच भाड्याने घेईन, आणि पत्रात तशी छोटी तरतूद वेगळी दाखवते. पण १६ गटांनी दहा-दहा वेळा चुकत शिकण्याचं काम मीटर चालू असताना होत नाही. मुलं प्रयोग करायला कचरतात.

आणि पत्राच्या शेवटी, निधी निम्माच मिळाला तर काय, हे आपणच लिहून द्यावं. नाहीतर कात्री दुसरं कुणी लावतं, आणि बहुतेक वेळा मेमरीलाच लावतं. मी लिहिते: अशा वेळी २४ जीबीचं एकच कार्ड घ्यावं, मुख्य मेमरी ६४ जीबी चालेल, डिस्क १ टीबीची चालेल. मदरबोर्ड, कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि यूपीएस मात्र दोन कार्डांच्या हिशेबानेच घ्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त दुसरं कार्ड मागावं लागेल.