पत्र लिहून देण्याआधीचे तीन प्रश्न

महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून गावातील लोक अर्ज-पत्रे लिहून घेण्यासाठी माझ्याकडे येतात, आणि त्यांतील बहुतेक जण पत्र कोणाला, कशासाठी, कोणत्या भाषेत हे काहीच न सांगता ‘एक पत्र लिहून द्या’ एवढेच म्हणतात. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या वाडीतील एक बाई ‘जमिनीचं पत्र’ हवे म्हणून आल्या. पती वारले, सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे आणि जुने कागद थोरल्या दिरांकडे अडकले आहेत, एवढे ऐकून मी दिरांविरुद्ध तहसीलदारांच्या नावे दीड पानाची तक्रार लिहिली. ती वाचून दाखवताच बाई घाबरल्या. “अहो, भाऊजींशी माझं भांडण नाही. ते मुंबईला असतात आणि कागद त्यांच्या कपाटात आहेत, एवढंच.”

मी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “पत्र वाचणाऱ्याने नेमके काय करायला हवे?” “माझं आणि पोरांचं नाव सातबाऱ्याला लागावं.” वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो, त्यामुळे पत्र कोणाला हे आपोआप ठरले. ‘पत्र कोणाला?’ असे मी आता थेट विचारत नाही, कारण लोक ज्याच्यावर राग असतो किंवा ज्याचे नाव ठाऊक असते त्याचे नाव सांगतात, आणि काम मात्र बहुधा निराळ्याच माणसाच्या हातात असते.

दुसरा प्रश्न, याआधी कोणाला काही लेखी दिले आहे का आणि त्याची पोच आहे का. दिवाळीआधी त्यांनी तलाठी कार्यालयात अर्ज दिला होता, पण पोच घेतली नव्हती. ती असती, तर मी त्या तारखेचा उल्लेख करून स्मरणपत्र लिहिले असते. नसल्यामुळे अर्ज नव्याने करणे भाग होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार अशी लेखी पोच तलाठ्याने तत्काळ द्यायची असते.

पत्र सौम्य हवे की कडक, असे विचारल्यास उत्तर ‘चांगलं लिहा’ असेच येते. म्हणून तिसरा प्रश्न मी असा विचारतो, की या माणसाकडे तुम्हाला पुन्हा जावे लागणार आहे का? बाईंना पीककर्जाच्या कागदांसाठी त्याच कार्यालयात जायचे होते. म्हणून मी लिहिले, ‘पूर्वी दिलेल्या अर्जाची पोच माझ्याजवळ नसल्याने हा अर्ज पुन्हा सादर करीत आहे.’ वस्तुस्थिती नोंदली गेली आणि दोष कोणावर आला नाही. वारसांच्या यादीत त्यांनी दोन विवाहित मुलींची नावे सांगितलीच नव्हती, ती विचारून घातली, मृत्यूचा दाखला जोडला आणि पोच घेण्यासाठी दुसरी प्रत दिली.

निघताना त्यांनी आणखी एक पत्र मागितले. ते चार ओळींचे होते, ‘ती. भाऊजी यांस सा. न.’ अशी सुरुवात असलेले, कपाटातील जुने फेरफार येताना घेऊन यावेत एवढीच विनंती करणारे.