तिकिटातले 8 रुपये 32 पैसे

नोव्हेंबर 2024 मध्ये आमच्या लोअर परळच्या ऑफिसातून तिघांना नागपूरला जायचं होतं. थ्री एसीची तीन तिकिटं मी एकाच पीएनआरवर काढली, यूपीआयने पैसे भरले. गुरुवारी रात्रीची गाडी होती. सोमवारी एका सहकाऱ्याला ताप भरला म्हणून त्याचं एकट्याचं तिकीट रद्द केलं. चार दिवसांत 1,071 रुपये खात्यात परत आले. खर्चाचा हिशेब देणं माझ्याकडे होतं आणि मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

एकूण कापले गेले होते 3,804 रुपये 95 पैसे. त्याला तीनने भागलं, माणशी 1,268.32 आले. त्यातून 1,071 वजा केले तर नुकसान 197.32. पण रद्द करताना पडद्यावर कपात 189 रुपये दाखवली होती, ते मला पक्कं आठवत होतं. मग हे वरचे 8 रुपये 32 पैसे कुठून आले? रक्कम किरकोळ होती, पण ती सुटल्याशिवाय व्हाउचरवर सही करायला माझा हात धजेना.

आमच्या अकाउंटच्या काकांनी तिकिटाची प्रिंट समोर ठेवली आणि म्हणाले, "अगं, तू सगळ्याला तीनने भागलंस. यातलं माणशी काय आणि तिकिटामागे काय, ते आधी बघ."

प्रिंटवर तीन आकडे वेगळे छापलेले असतात. Ticket Fare 3,780 रुपये, Convenience Fee 23.60 आणि विम्याचा हप्ता 1.35. भाडं माणशी आहे, 1,260. विमा माणशी 45 पैसे. सुविधा शुल्क मात्र अख्ख्या तिकिटाला एकदाच लागतं, माणसं कितीही असोत. एसीच्या तिकिटाला यूपीआयने पैसे भरले की ते 20 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3.60. तिकीट रद्द झालं तरी हे शुल्क परत मिळत नाही, विम्याचा हप्ताही नाही. 23.60 चा तिसरा हिस्सा 7.87, त्यात 45 पैसे मिळवले की बरोबर 8.32. माझं कोडं सुटलं.

काकांचं समाधान मात्र एवढ्यावर झालं नाही. भाड्याच्या आत अजून फोड आहे, असं ते म्हणाले. 1,260 मध्ये मूळ भाडं 1,115, आरक्षण शुल्क 40, सुपरफास्टचे 45, असे 1,200 झाले आणि त्यावर 5 टक्के जीएसटीचे 60. प्रिंटच्या खालच्या भागात जीएसटीचा तपशील असतो. तिथे करपात्र रक्कम 3,600 आणि कर 180 असं दिसतं. सुविधा शुल्कावरचा कर यात धरायचा नाही. तो 18 टक्क्यांचा आहे आणि ती सेवा रेल्वेची नसून आयआरसीटीसीची आहे, म्हणून त्याची नोंद वेगळी.

आता परतावा. गाडी सुटायला 48 तासांहून जास्त वेळ होता, त्यामुळे त्या वेळच्या नियमाने थ्री एसीला माणशी 180 रुपये कपात आणि त्यावर 5 टक्के जीएसटीचे 9, एकूण 189. 1,260 मधून ते गेले की 1,071. इथेच माझी दुसरी चूक सापडली. बुकिंग करताना कंपनीचा जीएसटी क्रमांक दिलेला होता, म्हणून तिघांच्या भाड्यावरच्या करापोटी कंपनीला मिळणारं पूर्ण 180 रुपयांचं क्रेडिट मी लिहून टाकलं होतं. पण रद्द झालेल्या प्रवाशाचा 60 रुपये कर परत आला आणि कपातीवरचे 9 पुन्हा लागले. म्हणजे 51 रुपये कमी करायला हवेत, उरतात 129. दोघांचे 120 आणि कपातीचे 9 असे मोजलं तरी तेच येतात. दोन्ही बाजूंनी आकडा जुळला तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

शेवटी व्हाउचर असं झालं: दोघांचा प्रवास 2,520, रद्द करण्याचा खर्च 189, सुविधा शुल्क 23.60, विमा 1.35. बेरीज 2,733.95. बँकेतून गेलेल्या 3,804.95 मधून आलेले 1,071 वजा केले तरी हाच आकडा. सुविधा शुल्क मी आजारी सहकाऱ्याच्या वाट्याला लावलं नाही. तो आला असता काय किंवा नसता काय, ते तेवढंच लागलं असतं.

या सगळ्या हिशेबाच्या आधी, गाडीच्या आदल्या दिवशी बुधवारी सकाळी दुसरी सहकारीही डळमळली होती, तेव्हा मी आधी आकडा काढून ठेवला. आता 48 तास उरले नव्हते, त्यामुळे कपात भाड्याच्या 25 टक्के होणार होती: 300 आणि कराचे 15. परत मिळाले असते 945. दोन दिवसांच्या उशिराने 126 रुपये जास्त गेले असते. तिला मी तो कागद दाखवला. ती गुरुवारी रात्री गाडीत बसली.