आमची वाटचाल : एक खोली, एक रात्र आणि तिचा खरा खर्च

गुहागरला सासऱ्यांच्या सुपारीच्या वाडीत आम्ही आधी चार खोल्या बांधल्या. पुढे बँकेचं कर्ज काढून आणखी सहा वाढवल्या. आज दहा खोल्या आहेत. जाऊबाई स्वयंपाकघर बघतात, ह्यांच्याकडे बांधकाम, दुरुस्ती आणि गाड्यांची धावपळ आहे आणि हिशेबाची वही पहिल्यापासून माझ्याकडे. ह्या वहीत मी एक चूक तीन वर्षं सांभाळली होती. ती कशी सुटली ते लिहिते आहे, कारण किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरगुती हॉटेलांत तीच चूक अजून होताना मी बघते.

एक खोली एक रात्र भरली की ती एक रूम-नाइट. वर्षाचा सगळा खर्च मी बेरजेला धरायचे आणि भरलेल्या रूम-नाइटनी भागायचे. आमच्याकडे वर्षाला साधारण 1,500 रूम-नाइट भरतात. भागाकार 1,900 रुपयांच्या आसपास यायचा. मी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला होता, आणि त्याच्या खाली खोली द्यायची नाही असं घरात ठरलं होतं.

2023 च्या जुलैत रस्त्याच्या सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या एका टीमचा फोन आला. सहा खोल्या, बारा रात्री, नाश्त्यासकट 1,100 रुपये, जीएसटी वेगळा. बुकिंग थेट होतं, मध्ये बुकिंग करून देणाऱ्या कोणाचं कमिशन नव्हतं. मी लाल आकडा बघितला, प्रत्येक खोलीमागे रोज 800 रुपये तोटा दिसला आणि नाही म्हटलं. माणसं दुसरीकडे गेली. त्या बारा रात्री आमच्या सहाही खोल्या कुलूपबंद राहिल्या.

ऑगस्टमध्ये चिपळूणहून आमचे अकाउंटंट आले. त्यांना मी हे सहज सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "वहिनी, त्या बारा रात्री पोरांचे पगार थांबले होते का? बँकेचं व्याज थांबलं होतं?"

मी म्हटलं, "नाही हो भाऊ, ते कसं थांबेल?"

"मग ते त्या खोल्यांच्या माथी का मारलंत?"

त्या संध्याकाळी आम्ही वहीत एक उभी रेघ मारली. डाव्या बाजूला जो खर्च एकही पाहुणा नसला तरी होणारच, तो. उजव्या बाजूला जो खर्च खोली उघडली तरच होतो, तो.

डावी बाजू महिन्याची अशी निघाली. कायम असलेल्या चौघांचे पगार 56,000. कर्जाचं व्याज 38,000. इमारत, एसी, गाद्या झिजतात त्याचा वाटा, म्हणजे घसारा, 30,000. आम्हा घरच्यांच्या कामाचा मेहनताना 20,000, जो मी तोवर कधी धरलाच नव्हता. रिकाम्या हॉटेललाही लागणारी वीज 14,000, देखभाल 12,000, विमा, घरपट्टी आणि परवाने यांचा महिन्याचा वाटा 6,000, इंटरनेट आणि टीव्ही 4,000. एकूण 1,80,000 रुपये. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बँकेचा हप्ता आख्खा खर्चात धरायचा नाही. त्यातलं व्याज खर्च आहे, मुद्दल म्हणजे घेतलेलं परत देणं. मुद्दल आणि घसारा दोन्ही धरले की तीच इमारत दोनदा खर्ची पडते.

उजव्या बाजूला जुलैच्या एका रात्रीसाठी वीज 84, चादरी-टॉवेलची धुलाई 120, साबण, शॅम्पू, पाण्याच्या बाटल्या 50, दोघांचा नाश्ता 140, फिनेल वगैरे 16. बेरीज 410.

म्हणजे 1,100 रुपयांना दिलेली प्रत्येक खोली रोज 690 रुपये हातात ठेवून गेली असती. सहा खोल्या गुणिले बारा रात्री म्हणजे 72 रूम-नाइट, आणि 72 गुणिले 690 म्हणजे 49,680 रुपये. आमच्या चौघांच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा थोडेच कमी. तो आकडा बघून मला रात्री झोप लागली नाही.

लाल आकड्याचा दोष असा की तो स्थिर नसतोच. मे महिन्यात आमच्या 240 रूम-नाइट भरल्या, तेव्हा डाव्या बाजूचे 1,80,000 एकेकीवर 750 रुपये पडले. जुलैत 60 भरल्या, तर तेच 3,000 रुपये पडले. खोली तीच, चादर तीच, माणसं तीच. बदलली ती फक्त भागाकाराची खालची संख्या. या आकड्यावरून पावसाळ्याचा दर ठरवायला गेलं तर जितक्या खोल्या रिकाम्या, तितका दर चढा लावावा लागेल, आणि मग उरलेलेही पाहुणे जातील.

सगळ्यांत जास्त त्रास विजेने दिला, कारण तिचं बिल दोन्ही बाजूंना सांडतं. पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. मेचं बिल साधारण 60,000, जुलैचं 19,000. फरक 41,000, रूम-नाइटमधला फरक 180. भागाकार केला तर एका रात्रीची वीज 228 रुपये आली आणि रिकाम्या हॉटेलची महिन्याला जेमतेम 5,300. ही रीत दोन महिने सारखे असतील तरच चालते. मेमध्ये आमच्याकडे रात्रभर एसी चालतो, जुलैत पाहुणे खिडकी उघडून पाऊस ऐकत झोपतात आणि सकाळी फक्त गीझर लावतात. म्हणजे फरकात पाहुण्यांची संख्या होती तशी हवाही होती, आणि मी दोन्हीचं ओझं पाहुण्यांवर टाकलं.

मग ह्यांनी तीन आणि सात नंबरच्या खोल्यांना वेगळे छोटे मीटर बसवले. रोज सकाळी दहाला, चेक-आउटच्या वेळी, मी जिन्याखाली बॅटरी घेऊन उभी राहायचे आणि आकडे पाटीवर लिहायचे. मेमध्ये भरलेल्या रात्रीला सरासरी 16 युनिट निघाली, जुलैत 7. आमच्या बिलात स्थिर आकार सोडून बाकी सगळं धरून युनिट साधारण 12 रुपयांना पडत होतं, म्हणजे मेची रात्र 192 ची आणि जुलैची 84 ची. पडताळा म्हणून जुलैतल्या एका पूर्ण रिकाम्या आठवड्यात मेन मीटर बघितला. कोणी नसताना रोज 37 युनिट जात होती! फाटकाचे दिवे, विहिरीचा पंप, दोन फ्रीज, कॅमेरे. त्यात स्थिर आकार मिळवला की महिन्याचे 14,000 होतात. डाव्या बाजूला तोच आकडा आहे.

धुलाईचंही असंच. पावसात घरी धुतलेल्या चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो, म्हणून आम्ही त्या चिपळूणच्या लाँड्रीत नगावर देतो. पण हा खर्च रात्रीचा नाही, मुक्कामाचा आहे. पाहुणा एक रात्र राहिला तर 120 त्याच रात्रीवर, चार रात्री राहिला तर रात्रीला 30. लांब मुक्कामाला सवलत का परवडते ते मला इथे कळलं.

कमिशन मात्र रात्रीवर नाही, दरावर चढतं, म्हणून ते 410 मध्ये नाही. ते दरातून आधी वजा करायचं. आमच्या 2,500 च्या खोलीवर 18 टक्के म्हणजे 450, आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 81. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, बंद झालं. त्यामुळे हे 81 रुपये आणि साबण-शॅम्पूच्या बिलातला कर आता उजव्या बाजूला कायमचे येऊन बसले आहेत. हा बदल झाला तेव्हा मी आख्खी उजवी बाजू नव्याने मांडली.

2024 च्या जुलैत एका कॉलेजच्या ग्रुपने पाच खोल्या चार रात्रींसाठी 1,250 ला मागितल्या. ह्या वेळी मी वही उघडली. चादरी एकदाच बदलायच्या, म्हणून 410 चे 320 झाले. एका रूम-नाइटमागे 930 उरत होते, वीस रूम-नाइटचे 18,600. एकच आडकाठी होती. आमच्या दोघी सफाईवाल्या दिवसाला सात खोल्या नीट करतात, आठवी आली की गावातून 400 रुपये रोजाने बाई बोलवावी लागते. त्या चारांपैकी दोन दिवस आणखी तीन खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून 800 वजा. 17,800 रुपये आले. हा रोजाचा खर्च ना डावीकडचा ना उजवीकडचा. तो पायरीसारखा एकदम चढतो आणि आठव्या खोलीच्या आत तो दिसत नाही, म्हणून मी त्याच्यासाठी वहीत वेगळी ओळ ठेवली आहे.

हे 410 रुपये म्हणजे आमचा दर नव्हे, हे घरात मला बजावून सांगावं लागलं. दिराला वाटलं, आता मेमध्येही 1,500 ला द्यायला हरकत नाही. हरकत आहे. मेमध्ये ती खोली रिकामी राहणारच नसते, 1,500 वाल्याला दिली तर 3,000 वाला परत जातो. डावी बाजू वर्षाला 21,60,000 आहे आणि ती कुठून तरी भरून यायलाच हवी. आमचा वर्षाचा सरासरी दर 2,400, त्यातून उजव्या बाजूचा वर्षाचा सरासरी खर्च 460 आणि कमिशन सरासरी 200 गेलं की 1,740 उरतात. म्हणजे साधारण 1,240 रूम-नाइट भरेपर्यंत आम्ही फक्त डावी बाजू फेडत असतो. ती फेड मुख्यतः दिवाळी, नाताळ आणि मे करतात. पावसाळ्यात फक्त जी रात्र वाया जाणार आहे, तिचाच खालचा दर मी 410 च्या वर कुठेतरी ठरवते.

दर जूनमध्ये, मासेमारी बंद झाली आणि समुद्र लाल झाला की घरात एक विषय निघतो: जुलैभर हॉटेल बंदच ठेवू या का? बंद ठेवलं तर पगार, व्याज, घसारा सुटत नाहीत. विजेतले फार तर 7,000 वाचतील. म्हणजे तोटा 1,73,000. उघडं ठेवलं आणि 60 रूम-नाइट भरल्या, प्रत्येकीतून सरासरी 1,000 उरले, तर तोटा 1,20,000. ही दोन ओळींची बेरीज मी मागच्या जूनमध्ये ह्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी काही न बोलता फाटकाच्या दिव्यांचा टायमर एक तास अलीकडे आणला, आणि आम्ही उरलेल्या आठ खोल्यांसाठी मीटर मागवले.