दोन रिंगा, एकच घनफळ

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मी देखभाल विभागाची आवक तपासणी बघतो. पंपांचे सील, गॅस्केट, ओ-रिंग, जे काही रबराचं येतं ते माझ्या टेबलावरून स्टोअरला जातं. वार्षिक शटडाउनच्या तोंडावर आमच्याकडे चाळीस ओ-रिंगांचा एक लॉट आला. टोल्युइनच्या लाइनवरच्या फिल्टरांच्या झाकणांसाठी त्या मागवल्या होत्या. मटेरियल एफकेएम, ज्याला सगळे विटॉनच म्हणतात. आतला व्यास 100.97 मिमी, जाडी 5.33 मिमी. रंग तपकिरी, सोबत सप्लायरचं सर्टिफिकेट, कडकपणा 75 शोर. ड्युरोमीटर लावून पाहिला तर तोही बरोबर.

पण या तिन्ही गोष्टींवरून रिंग विटॉनची आहे हे ठरत नाही. तपकिरी रंग साध्या नायट्राइल रबरालाही देता येतो, कडकपणा कुठल्याही रबरात हवा तेवढा आणता येतो आणि कागद तर कागदच. टोल्युइनमध्ये मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विटॉन तग धरतं, नायट्राइल फुगतं. म्हणून अशा लॉटला मी आधी तराजू दाखवतो. नायट्राइलच्या ओ-रिंगांची घनता साधारण 1.2 ते 1.3 असते, विटॉनची 1.8 ते 1.9च्या आसपास. एवढं अंतर साध्या काट्यावरही लपत नाही. फक्त रिंगचं वजन किती यायला हवं, हे आधी माहीत पाहिजे.

प्रणाली तेव्हा आमच्याकडे ट्रेनी होती. तिला म्हटलं, काढ बरं या रिंगचं घनफळ. तिने वहीत सूत्र लिहिलं: V = 2π²Rr². r म्हणजे रबराच्या जाडीची त्रिज्या, 2.665 मिमी. R म्हणून तिने आतल्या व्यासाच्या निम्मे, 50.485 मिमी घेतले. उत्तर आलं 7.08 घन सेंटीमीटर.

हा घोटाळा फार सर्रास होतो, कारण कॅटलॉगमध्ये R कधी दिलेलाच नसतो. तिथे आतला व्यास आणि जाडी असते. सूत्रातला R मात्र रिंगच्या केंद्रापासून रबराच्या पोटाच्या मध्यापर्यंत मोजायचा असतो. म्हणजे आतल्या त्रिज्येत जाडीची निम्मी भर घालायची: 50.485 अधिक 2.665, एकूण 53.15. तो घातला की घनफळ 7.45 येतं. फरक पाच टक्क्यांचा.

"पण सर, मधलीच त्रिज्या का? आतली कडा आखूड आहे, बाहेरची लांब आहे. मधली घेऊन नेमकं उत्तर कसं येईल?"

प्रश्न रास्त होता. बाद झालेली एक रिंग ड्रॉवरमध्ये पडली होती, याच मापाची. ती ब्लेडने कापून टेबलावर सरळ केली आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवली. रिंग गोल असते तेव्हा आतल्या कडेचा घेर 317 मिमी असतो, बाहेरच्या कडेचा 351. सरळ केल्यावर आतली बाजू ताणली जाते, बाहेरची आखडते, आणि दांडा भरतो 334. मधल्या वर्तुळाचा घेर तोच. मध्याच्या बाहेर जेवढं रबर जास्त, तेवढंच आत कमी, त्यामुळे हिशेब पुरा जुळतो. मग उरतो तो साधा दांडा: गोल छेदाचं क्षेत्रफळ 22.3 चौरस मिमी, लांबी 334 मिमी, गुणाकार 7450 घन मिमीच्या आसपास. सूत्रातले दोन π इथूनच येतात, एक छेदाचा आणि एक घेराचा. प्रणालीने सूत्राखाली हे दांड्याचं गणितही लिहून ठेवलं. टेबलावर मी स्वतः त्याचंच व्यासांतलं रूप वापरतो: आतल्या व्यासात जाडी मिळवायची, जाडीच्या वर्गाने गुणायचं आणि मग 2.467 ने. कॅटलॉगचे आकडे जसेच्या तसे बसतात, R काढायची भानगडच राहत नाही.

आता वजन. विटॉनची घनता 1.85 धरली तर एका रिंगचं वजन 13.8 ग्रॅम. नायट्राइलची 1.25 धरली तर 9.3. जाडीत 0.13 मिमी कमी-जास्त चालतं. हे अडीच टक्केच दिसतात, पण सूत्रात जाडीचा वर्ग आहे, म्हणून वजनात ते जवळपास पाच टक्के होतात. तरीही जाडीच्या मर्यादेतली विटॉनची रिंग साधारण 13.1 ते 14.5 ग्रॅममध्येच बसायला हवी. 9.3 खूप लांब राहतं.

स्टोअरचे मोरे काका काट्याशी बसले. दहा-दहा रिंगा एकदम ठेवायच्या, अशी त्यांची पद्धत. पहिल्या दहा 137 ग्रॅम. ठीक. दुसऱ्या दहा ठेवल्या आणि काका थांबले.

"साहेब, ह्या 124च्या आत भरतायत."

सरासरी 12.4 ग्रॅम. 7.45 ने भागलं की घनता 1.66. हा आकडा मला खटकला, कारण तो ना नायट्राइलचा, ना विटॉनचा. 9.3 आलं असतं तर लॉट सरळ परत गेला असता. 12.4चा अर्थ लावावा लागणार होता. प्रणाली म्हणाली, मटेरियल बरोबर असेल, जाडी कमी असेल. शंका योग्य होती, आणि ती सूत्रावरूनच तपासता येत होती. वजन दहा टक्के कमी म्हणजे जाडीचा वर्ग दहा टक्के कमी, म्हणजे जाडी सुमारे पाच टक्क्यांनी कमी. 5.33च्या जागी 5.05 मिळायला हवी. आम्ही कॅलिपर लावला. रबरावर कॅलिपर दाबला की हवं ते माप मिळतं, म्हणून जबडे नुसते टेकवायचे आणि रिंग फिरवून दोन-तीन ठिकाणी बघायचं. सगळ्यांची जाडी 5.3च्या वरच होती.

माप बरोबर, वजन अधांतरी. मग काकांना म्हटलं, या दहा सुट्या सुट्या ठेवा. पहिली 13.7. दुसरी 13.6. तिसरी 9.3. पुढे परत 13.7. दहामधल्या तीन हलक्या निघाल्या. सात जड आणि तीन हलक्या मिळून जी सरासरी झाली होती, त्या वजनाची एकही रिंग त्या ढिगात नव्हती. चाळीसच्या चाळीस मग एकेक करून तोलल्या. जड 29, हलक्या 11. दोन्ही ढीग शेजारी ठेवले तरी रंगात, चकाकीत, स्पर्शात काही फरक कळत नव्हता. एकदम तोलल्या की वेळ वाचतो हे खरं, पण मिसळलेला माल त्या सरासरीत आरामात झाकला जातो.

एवढ्यावर लॉट परत पाठवता आला असता, पण सप्लायर म्हणणार, तुमचं घनफळ तर कागदावरचं. म्हणून प्रयोगशाळेतल्या 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याने भरलेलं बीकर ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. रिंग मोठी, बीकर लहान. म्हणून रिंगला आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन बारीक दोऱ्याने बांधली. वाकवल्याने रबराचं घनफळ बदलत नाही, त्यामुळे चालतं. साबणाच्या पाण्याचं बोट फिरवून बुडबुडे काढले, कारण चिकटलेला एक बुडबुडाही घनफळ वाढवून दाखवतो. मग रिंग स्टँडवरून पाण्यात सोडली, तळाला किंवा काचेला टेकणार नाही अशी. काटा अशा वेळी रिंगचं वजन दाखवत नाही, तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं दाखवतो.

हलकी रिंग: 7.43. जड रिंग: 7.47.

हवेत एक 9.31 ग्रॅमची, दुसरी 13.72 ग्रॅमची, आणि पाण्यात दोघींचा आकडा जवळजवळ एकच. तोही वहीत दोन त्रिज्यांवरून काढलेल्या 7.45ला लागून. प्रणाली काट्याकडे आणि वहीकडे आळीपाळीने बघत राहिली. मलाही फार समाधान वाटलं. घनता मग सरळ भागाकाराने निघाली, एकीची 1.25, दुसरीची 1.84.

दोन्ही ढिगांतली एकेक रिंग त्या दिवशी फ्यूम हूडखाली टोल्युइनच्या बरणीत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी जड रिंगमध्ये जेमतेम फरक होता. हलकीची जाडी 6.7 मिमी झाली होती, आतला व्यास 126च्या आसपास. तेच सूत्र लावलं तर घनफळ 14.7, म्हणजे जवळपास दुप्पट. झाकणाच्या खाचेत नव्या रिंगने सुमारे तीन चतुर्थांश जागा भरते, बाकीची फुगण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. दुप्पट झालेलं रबर त्या जागेत मावणं शक्य नाही. ते फटीतून बाहेर ढकललं जातं, कडेला कातरलं जातं आणि झाकण उघडताना तुकड्यांनी निघतं. लाइन रिकामी होऊन वाळली की रिंग परत आक्रसते, आणि त्यानंतर तिथून गळती सुरू होते.

सप्लायरला फोन केला. संख्या भरून काढायला त्याने काही माल दुसरीकडून उचलला होता. हलक्या अकरा परत गेल्या. शटडाउनला 24 हव्या होत्या, त्या जड 29 मधून घेतल्या, पण त्याआधी आणखी काही रिंगा पाण्यात तोलल्या. सर्टिफिकेटवरचा माझा भरवसा तोपर्यंत उडाला होता.

वजनाच्या या तपासणीला मर्यादाही आहेत, त्या मी प्रणालीला तेव्हाच सांगितल्या. नायट्राइल, ईपीडीएम आणि बरेचसे सिलिकॉन यांच्या घनता इतक्या जवळ आहेत की त्यांच्यातला भेद काट्यावर करता येत नाही. शिवाय स्वस्त रबरात बेरियम सल्फेटसारखी जड भुकटी मिसळून वजन वाढवताही येतं. म्हणजे हलकी रिंग विटॉन नाही, हे खात्रीने सांगता येतं. जड रिंग विटॉनच आहे, हे मात्र नुसत्या वजनावरून म्हणता येत नाही. त्यासाठी टोल्युइनची बरणी लागते, किंवा प्रयोगशाळेचा अहवाल.

लहान रिंगांना आणखी जपावं लागतं. 10.82 बाय 1.78च्या रिंगचं घनफळ जेमतेम 0.1 घन सेंटीमीटर. विटॉनची भरते 0.18 ग्रॅम, नायट्राइलची 0.12. एवढ्या बारीक जाडीत 0.08 मिमीची सूट वजनात नऊ टक्के होऊन येते, त्यामुळे दोघांमधली जागा खूपच अरुंद होते. काका त्या शंभर-शंभर तोलायचे. आता त्यातल्या काही तरी सुट्या, मिलिग्रॅमच्या काट्यावर जातात, आणि प्रत्येक मापाच्या तपासणी कार्डावर एका रिंगच्या वजनाची खालची-वरची मर्यादा प्रणालीच्या अक्षरात लिहिलेली आहे.